सरकार बुडाले नाही, तरी सरकारी रोख्यात तोटा कसा?

आषाढ-श्रावण सरला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सहकारी बँकांच्या आणि सौहार्द संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस सुरू होतात. अहवालाची पुस्तिका घरी येते, सभासद त्यातला लाभांशाचा आकडा आधी शोधतो आणि मग कधीतरी नफा-तोटा पत्रकातील एका ओळीवर त्याची नजर अडखळते: ‘गुंतवणुकीवरील घसाऱ्यासाठी तरतूद’. २०२२-२३ च्या अहवालांनंतर ही ओळ अनेकांना खटकली. अशा सभेत मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो: “चेअरमनसाहेब, सरकार काय बुडालेलं न्हाई, व्याज पण टायमात आलंय म्हणता, मग सरकारी कागदात तोटा कुठनं आला?” व्यासपीठावरून सहसा “व्याजदर वाढल्यामुळे” असे दोन शब्दांचे उत्तर मिळते आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही बरोबर आहे, पण दोन्हींच्या मधली पायरी कुणी सांगत नाही. व्याज वाढले म्हणजे व्याज घेणाऱ्याचा फायदा व्हायला हवा, असे साध्या व्यवहारज्ञानाला वाटते. इथे तर उलटेच घडलेले दिसते.

आधी रोखा म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. केंद्र सरकारला कर्ज हवे असते तेव्हा त्याच्या वतीने रिझर्व्ह बँक रोख्यांचा लिलाव करते. प्रत्येक रोख्याचे दर्शनी मूल्य १०० रुपये धरतात. त्याच्या नावातच दोन गोष्टी असतात, व्याजाचा दर आणि परतफेडीचे वर्ष. ‘६.१० टक्के २०३१’ या नावाचा जो केंद्र सरकारचा रोखा आहे, तो जुलै २०२१ मध्ये दहा वर्षांसाठी विकला गेला. ज्याच्याकडे तो असेल त्याला दर शंभर रुपयांमागे वर्षाला ६ रुपये १० पैसे व्याज दोन सहामाही हप्त्यांत मिळते आणि जुलै २०३१ मध्ये १०० रुपये परत मिळतात. मधल्या काळात पैशाची गरज पडली तर सरकारकडे जाऊन मुदतीआधी पैसे मागता येत नाहीत. रोखा दुसऱ्या कुणाला तरी विकावा लागतो. सगळा प्रश्न या विक्रीच्या वेळी उभा राहतो, कारण हा ‘दुसरा कुणीतरी’ काय भाव देईल हे सरकार ठरवत नाही, बाजार ठरवतो.

आता खानापूर बसस्थानकाजवळ एक लहानसा दुकानगाळा आहे असे समजा. मालकाने तो दहा लाखांना घेतला आणि लगेच एका कापड दुकानदाराला दहा वर्षांच्या नोंदणीकृत कराराने भाड्याने दिला. भाडे महिना पाच हजार, म्हणजे वर्षाला साठ हजार. करारात भाडेवाढीचे कलम नाही. दहा वर्षे साठ हजार म्हणजे साठ हजारच. भाडेकरू सचोटीचा आहे, भाडे कधी थकवत नाही. दहा लाखांवर साठ हजार म्हणजे सहा टक्के सुटतात आणि त्या वेळी आसपास सगळीकडे हाच भाव चालू होता, त्यामुळे मालक समाधानी होता.

पुढे परिस्थिती पालटते. शेजारीच तेवढेच, तसलेच नवे गाळे उभे राहतात, त्यांची किंमतही दहा लाखच असते, पण त्यांना वर्षाला ऐंशी हजार भाडे देणारे भाडेकरू सहज मिळतात. नेमके त्याच सुमारास आपल्या मालकाच्या घरी मुलीचे लग्न ठरते आणि गाळा विकायची वेळ येते. गिऱ्हाईक येते, गाळा पाहते, करारपत्र वाचते आणि म्हणते, “शेजारी दहा लाख टाकले की वर्षाला ऐंशी हजार मिळतात. तुमच्याकडे साठच मिळणार आणि करार संपेपर्यंत मला भाडेकरूला काढताही येणार नाही, भाडे वाढवताही येणार नाही. मग मी तुम्हाला दहा लाख का द्यावेत?” मालकाकडे याला उत्तर नाही. गाळ्याची भिंत पडलेली नाही, भाडेकरू बुडवा निघालेला नाही, ठरलेला एक रुपयाही कमी झालेला नाही. तरी किंमत उतरवल्याशिवाय हा गाळा खपणार नाही. त्याचा दोष एवढाच की त्याचे उत्पन्न आधीच बांधले गेले आहे आणि बाहेरचे जग पुढे गेले आहे.

रोख्याचेही तंतोतंत असेच होते. सहा टक्क्यांचा जुना रोखा हातात असताना सरकारने आठ टक्क्यांचा नवा रोखा शंभरालाच विकायला काढला, तर जुना रोखा शंभराला कोण घेईल? जुन्या रोख्यावर छापलेले व्याज बदलता येत नाही आणि शेवटी परत मिळणारे शंभर रुपयेही बदलता येत नाहीत. या व्यवहारात बदलता येण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे आज द्यायची किंमत. म्हणून सगळा फरक किमतीतून वळता करून घेतला जातो. व्याजदर वाढले की रोख्याचा भाव पडतो याचे कारण एवढेच. त्यात सरकारच्या पतीचा संबंध नाही आणि कुणाची लबाडीही नाही.

पण भाव पडतो तो किती? कारकुनी हिशेब करणारा म्हणेल, दरवर्षी वीस हजार कमी मिळणार, दहा वर्षे शिल्लक आहेत, तेव्हा दोन लाख कमी करा आणि आठ लाखांना सौदा मिटवा. गिऱ्हाईक हा सौदा धावत येऊन करील, कारण त्यात त्याचा फायदा आहे. दहा वर्षांनी बुडणारे वीस हजार आणि याच वर्षी बुडणारे वीस हजार यांचे वजन सारखे नसते. बाजारात आठ टक्के सुटत असतील, तर एक वर्षाने मिळणाऱ्या वीस हजारांची आजची किंमत सुमारे १८,५१९ रुपये होते, कारण आज तेवढी रक्कम आठ टक्क्यांनी ठेवली तर वर्षाअखेर तिचे वीस हजार होतात. दहा वर्षांनी मिळणाऱ्या वीस हजारांची आजची किंमत मात्र फक्त ९,२६४ रुपये भरते. अशा दहाही वर्षांच्या रकमा एकत्र केल्या की बेरीज सुमारे १ लाख ३४ हजार येते. म्हणजे गाळ्याचा रास्त भाव आठ लाख नव्हे, तर सुमारे ८ लाख ६६ हजार. शंभराच्या रोख्याच्या भाषेत सांगायचे तर सहा टक्क्यांचा, दहा वर्षे मुदत उरलेला रोखा बाजारात आठ टक्के सुटू लागल्यावर सुमारे ८६ रुपये ६० पैशांना जाईल.

हा भाव दोन्ही बाजूंनी न्याय्य आहे हे पडताळून पाहता येते. गिऱ्हाईकाने ८ लाख ६६ हजार गुंतवले आणि त्याला वर्षाला साठ हजार मिळाले, तर नुसत्या भाड्याचा परतावा सात टक्क्यांहून थोडा कमीच पडतो. उरलेली भर शेवटी पडते, कारण जे त्याने ८ लाख ६६ हजारांना घेतले त्याचे मुदतीअखेर दहा लाख होतात. दोन्ही मिळून त्याला बरोबर आठ टक्के पडतात, म्हणजे शेजारच्या नव्या गाळ्याएवढेच. रोखेबाजारात ज्याला ‘यील्ड’ म्हणतात ते हेच: व्याज आणि शेवटी मिळणारी भर दोन्ही धरून, आजच्या भावाला घेतलेल्या रोख्यावर मुदतीपर्यंत पडणारा परतावा. म्हणून वर्तमानपत्रात ‘यील्ड वाढले’ असे वाचले की ‘भाव पडले’ असेच समजावे. ही दोन वेगळ्या घटनांची कारण-कार्य साखळी नसून एकाच व्यवहाराकडे दोन टोकांनी पाहणे आहे, आणि बातम्या देणारेही पुष्कळदा इथे घोळ घालतात.

याच हिशेबातून दुसरी एक गोष्ट आपोआप निघते आणि माझ्या मते व्यवहारात तीच जास्त महत्त्वाची आहे. गाळ्याच्या कराराची दहा नव्हे, दोनच वर्षे शिल्लक असती तर? मग गिऱ्हाईकाला वीस हजारांचा फटका दोनदाच बसणार होता. आजच्या किमतीत तो सुमारे साडेपस्तीस हजार होतो आणि गाळा ९ लाख ६४ हजारांना सहज गेला असता. करार तीस वर्षांचा असता तर फटका तीस वेळा बसला असता आणि भाव सुमारे पावणेआठ लाखांवर आला असता. व्याजदरातली वाढ तिन्ही ठिकाणी तीच, दोन टक्क्यांची. पण नुकसान एका ठिकाणी साडेतीन टक्के, दुसऱ्या ठिकाणी तेरा टक्क्यांहून थोडे जास्त आणि तिसऱ्या ठिकाणी बावीस टक्क्यांच्या वर. लांब मुदतीचा रोखा म्हणजे जुन्या दराशी लांब मुदतीची बांधिलकी, आणि बांधिलकी जितकी लांब तितकी ती मोडायची किंमत मोठी. ‘सरकारी रोखा सुरक्षित असतो’ हे वाक्य त्यामुळे अर्धेच खरे आहे. पैसे बुडणार नाहीत या अर्थी तो सुरक्षित आहे. हवा तेव्हा, घातले तेवढे परत मिळतील या अर्थी नाही.

गाळ्याचे उदाहरण एका ठिकाणी मात्र तोकडे पडते, आणि ती जागा दाखवायलाच हवी. भाडी वाढली की गाळ्यांच्या किमतीही वाढतात. शेजारच्या गाळ्याला ऐंशी हजार भाडे येऊ लागले तर तो फार काळ दहा लाखांना मिळणार नाही, आणि दहा वर्षांनी करार संपल्यावर आपल्या मालकाच्या गाळ्यालाही चांगला भाव येईल. रोख्याच्या नशिबात हे नाही. तो मुदतीअखेर शंभरच देणार, ना कमी ना जास्त. दुसऱ्या बाजूने पाहिले तर यात एक दिलासाही आहे. गाळ्याची किंमत दहा वर्षांनी काय असेल हे कुणी सांगू शकत नाही, पण आज ८६ रुपयांवर आलेला सरकारी रोखा परतफेडीच्या दिवशी शंभर रुपयांवर येणार हे ठरलेले आहे. व्याजदर आहे तिथेच राहिले तरी मुदत जसजशी जवळ येते तसतसा भाव हळूहळू शंभराकडे सरकत जातो, कारण कमी व्याजाचे उरलेले हप्तेच कमी होत जातात.

आता कल्पनेतले आकडे सोडून प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. कोविडच्या काळात, २२ मे २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवर आणला आणि तो जवळजवळ दोन वर्षे तिथेच राहिला. त्या स्वस्ताईच्या दिवसांत दहा वर्षांच्या सरकारी कर्जावर सहा टक्क्यांच्या आसपास दर बसत होता, ‘६.१० टक्के २०३१’ हा रोखा त्याच काळातला. मग ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने नेहमीच्या पतधोरण बैठकीची वाट न पाहता अचानक रेपो दर ४.४० टक्के केला. जूनमध्ये तो ४.९० झाला, आणि टप्प्याटप्प्याने वाढत फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्क्यांवर पोहोचला. जून २०२२ मध्ये दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा बाजारातला दर साडेसात टक्क्यांच्या घरात गेला होता. त्या दराने ‘६.१० टक्के २०३१’ चा हिशेब मांडला तर मुदत साधारण नऊ वर्षे उरलेली, दरवर्षी एक रुपया चाळीस पैसे कमी मिळणार आणि आजच्या किमतीत ही तूट सुमारे नऊ रुपयांची. म्हणजे भाव सुमारे ९१ रुपये. ज्या बँकेने हा रोखा वर्षभरापूर्वी शंभराला घेतला होता, तिच्या ताळेबंदात दर शंभरामागे नऊ रुपयांची खाच पडली. सरकारने मात्र या संपूर्ण काळात व्याजाचा एकही हप्ता चुकवला नव्हता.

तारखा नीट पाहिल्या तर आणखी एक गोष्ट दिसते. मे २०२२ पर्यंत रेपो दर चार टक्क्यांवरून हललाच नव्हता, तरी दहा वर्षांचा दर जुलै २०२१ मधील ६.१० वरून एप्रिल २०२२ मध्येच सात टक्क्यांवर गेला होता. भावातली निम्म्याहून अधिक घसरण रिझर्व्ह बँकेने काही करण्यापूर्वीच झालेली होती. रेपो हा बँकांना अगदी थोड्या दिवसांसाठी मिळणाऱ्या पैशाचा दर आहे, तर दहा वर्षांच्या रोख्याचा भाव पुढची दहा वर्षे दर कसे राहतील याच्या अंदाजावर ठरतो. महागाई वाढत होती, युक्रेनमधील युद्धाने खनिज तेल भडकले होते, अमेरिकेत दरवाढ सुरू झाली होती आणि १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात सरकारने मोठ्या कर्जउभारणीचा आकडा जाहीर केला होता. बाजाराने हे सारे आधीच भावात धरले. त्यामुळे ‘रिझर्व्ह बँकेने दर वाढवला की रोखे विकून टाकू’ असे म्हणणारा माणूस साधारणपणे उशिरा पोहोचतो. उलट दिशेलाही हेच लागू आहे: फेब्रुवारी २०२५ पासून रेपो दर उतरू लागला, ६ जून २०२५ रोजी तो ५.५० टक्क्यांवर आला, पण जुन्या, जास्त व्याजाच्या रोख्यांचे भाव दरकपातीच्या अपेक्षेने त्याआधीच चढू लागले होते.

इथे आपल्याकडचा मुदतठेवीचा भक्त म्हणेल की म्हणूनच आम्ही एफडी सोडून कशाच्या नादी लागत नाही. एफडीची किंमत कधी पडत नाही, असे त्याचे म्हणणे. पण ती पडते, फक्त रोज कुणी फळ्यावर लिहीत नाही. पाच वर्षांसाठी साडेपाच टक्क्यांनी ठेव ठेवली आणि वर्षभरात बँक नव्या ठेवीला सात टक्के देऊ लागली, तर जुना ठेवीदार उरलेली चार वर्षे दरसाल दीड टक्क्याने मागे राहतो. त्याचे नुकसान रोखेधारकासारखेच आहे. फरक एवढाच की त्याच्या पावतीवरचा आकडा तोच राहतो. मोडून पुन्हा ठेवायची म्हटले की बँक दंड कापते आणि ठेव जितके दिवस राहिली त्या मुदतीचा कमी दर लावते. तरीही एफडीला मोडायची वाट आहे आणि तिची किंमत आधी माहीत असते, हे ठेवीदाराच्या बाजूने मान्य केलेच पाहिजे.

यातूनच ‘मुदतीपर्यंत धरला तर तोटा नाही’ या फार प्रचलित वाक्याचा खरा अर्थ लागतो. ज्याने १०० ला घेतलेला ‘६.१० टक्के २०३१’ शेवटपर्यंत धरून ठेवला, त्याला शंभर परत मिळतील आणि ठरलेले व्याजही मिळेल, हे खरे. पण बाजार साडेसात देत असताना तो ६.१० वरच बसून राहिला. ९१ ला विकणाऱ्याने ज्या नऊ रुपयांचा तोटा एका दिवसात सोसला, तोच तोटा धरून बसणारा नऊ वर्षांत हप्त्याहप्त्याने सोसतो. भावातली घट ही भविष्यातल्या कमी व्याजाचीच एकरकमी मोजणी असते. विकले नाही म्हणून ती नाहीशी होत नाही, फक्त डोळ्यांना दिसत नाही. अर्थात ज्याला मध्ये पैशाची गरजच नाही आणि ज्याने तो दर समजूनउमजून घेतला आहे, त्याने रोजच्या भावाकडे पाहून जीव खाली-वर करण्याचे कारण नाही.

बँकांच्या हिशेबात हाच भेद नियमाने केलेला आहे. प्रत्येक बँकेला आपल्या ठेवींच्या ठरावीक हिश्शाएवढी रक्कम सरकारी रोख्यांत वगैरे ठेवावीच लागते. वैधानिक रोखता प्रमाण या नावाने ओळखला जाणारा हा हिस्सा सध्या १८ टक्के आहे. त्यामुळे रोखे घ्यायचे की नाही, हा पर्याय संचालक मंडळापुढे नसतोच. कोणत्या मुदतीचे घ्यायचे, एवढेच हातात असते. नागरी सहकारी बँक घेतलेल्या रोख्यांपैकी काही ‘मुदतीपर्यंत धारण करण्यासाठी’ म्हणून वेगळे ठेवते आणि ते खरेदीच्या किमतीलाच दाखवते. जे ‘विक्रीसाठी उपलब्ध’ या गटात आहेत त्यांची किंमत बाजारभावाने लावावी लागते, आणि एकूण घट निघाली तर नफ्यातून तरतूद करावी लागते. अहवालातली खटकणारी ओळ ती हीच. तेव्हा सभासदाने “तोटा कसा आला” याच्या पुढे जाऊन विचारावे की विक्रीच्या गटातल्या रोख्यांची सरासरी उरलेली मुदत किती आहे. दर कमी असताना थोड्या जास्त व्याजाच्या मोहाने तीस वर्षांचे रोखे या गटात भरले असतील, तर तो निर्णय तपासण्याजोगा आहे. दोन-तीन वर्षांचे असतील, तर ती घट फार दिवस टिकणारी नाही.

लांब मुदतीचे रोखे मुदत संपण्याआधीच विकावे लागले तर काय होते, याचा धडा मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेने दिला. ठेवी स्वस्त असताना तिने लांब मुदतीचे, कमी व्याजाचे रोखे भरपूर घेतले होते. दर वाढले, ठेवीदार पैसे काढू लागले, आणि बँकेला सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून जवळपास १.८ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर करावा लागला. ही बातमी फुटल्यावर ठेवीदारांची रीघ लागली आणि १० मार्च रोजी बँक बंद झाली. तिच्याकडचे कागद बुडीत नव्हते. ते चांगल्या पतीचेच होते. मुदत मात्र ठेवीदारांच्या धीरापेक्षा लांब होती.

सामान्य माणूस आता स्वतःही सरकारी रोखे घेऊ शकतो. १२ नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेची ‘रिटेल डायरेक्ट’ योजना सुरू आहे. तिच्यात मोबाइलवरून खाते काढून किमान दहा हजार रुपयांपासून केंद्राचे आणि राज्यांचे रोखे घेता येतात. (सीमाभागातल्या माणसाला एकाच खात्यात कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांचे सावकार होता येते, ही या योजनेची एक वेगळीच गंमत आहे.) तिथे पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास रोख्याच्या नावातल्या टक्क्यांकडे पाहतो आणि ६.१० पेक्षा ७.२६ बरा, असे ठरवून मोकळा होतो. नावातला दर हा फक्त व्याजाचा हप्ता सांगतो. ७.२६ वाला शंभराच्या वर गेला असेल तर ती वरची रक्कम मुदतीअखेर परत मिळणार नाही, आणि ६.१० वाला शंभराच्या खाली असेल तर ती भर आपल्या पदरात पडेल. म्हणून आधी भाव आणि त्याशेजारचा यील्डचा आकडा पाहावा, आणि मग मुदत. विकताना आणखी एक अडचण येते: दहा-वीस हजारांच्या रोख्याला हवे त्या दिवशी, हव्या त्या भावाला गिऱ्हाईक मिळेलच असे नाही, कारण या बाजारातले मुख्य सौदे बँकांचे आणि विमा कंपन्यांचे, कोटींच्या घरातले असतात.

जो थेट रोखे न घेता सरकारी रोख्यांत गुंतवणूक करणाऱ्या म्युच्युअल फंडात, म्हणजे गिल्ट फंडात पैसे घालतो त्याच्यासाठी हा सगळा हिशेब एका आकड्यात बसवलेला असतो. फंडाच्या मासिक पत्रकात ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ म्हणून एक संख्या दिलेली असते. ती सात असेल तर बाजारातला दर एक टक्का वाढल्यावर फंडाच्या एका युनिटची किंमत, म्हणजे एनएव्ही, साधारण सात टक्के उतरेल आणि एक टक्का कमी झाल्यावर साधारण तेवढीच चढेल. वरच्या सहा टक्के, दहा वर्षे मुदतीच्या रोख्याची ही संख्या सुमारे ७.४ येते. फंडाला स्वतःची अशी परतफेडीची तारीख नसते. जुने रोखे विकून तो नवे लांब मुदतीचे घेत राहतो, म्हणून रोख्याला जी शंभराकडे परतण्याची हमी आहे ती गिल्ट फंडाला नाही. तीन वर्षांनी घराचा हप्ता किंवा मुलाची मेडिकलची फी भरायची असेल, तर ड्युरेशन सात असलेल्या फंडात ते पैसे ठेवणे म्हणजे नेमके त्याच वर्षी व्याजदर चढलेले नसतील यावर पैज लावणे होय. त्याऐवजी तीन वर्षांनी परतफेड होणारा रोखा घेतला, तर मधल्या काळात भाव कितीही हलला तरी फीच्या तारखेला शंभराचे शंभर खात्यात जमा झालेले असतात.